विश्लेषण : हेडसेट सुरू, संगणकही ताकदवान… तरी व्हीआर गेम उघडत का नाही?

आभासी वास्तवाचा, म्हणजेच व्हीआरचा गेम संगणकावर सुरू केला, हेडसेट डोक्यावर चढवला आणि डोळ्यांसमोर काळोखच राहिला, असा अनुभव व्हीआर वापरणाऱ्यांना कधी ना कधी येतोच. काही वेळा गेम क्षणभर उघडून बंद होतो. काही वेळा तो संगणकाच्या पडद्यावर नीट चालतो, पण हेडसेटमध्ये शिरत नाही. अशा वेळी बहुतेक जण गेम काढून टाकतात आणि पुन्हा डाउनलोड करतात. त्यात अख्खा दिवस आणि पन्नास-साठ जीबी डेटा जातो, अडचण मात्र तिथेच राहते. कारण दोष अनेकदा गेममध्ये नसतोच. तो गेम आणि हेडसेट यांना जोडणाऱ्या साखळीत असतो. ही साखळी कशी असते आणि तिची नेमकी कोणती कडी तुटली हे कसे ओळखायचे, याविषयी…

गेम आणि हेडसेट यांच्यामध्ये कोण असते?

साधा गेम चित्र तयार करतो आणि ते मॉनिटरवर दिसते. व्हीआर गेमला एवढ्यावर भागत नाही. डोके या क्षणी कुठे आहे, हातातील कंट्रोलर कुठे आहेत, दोन्ही डोळ्यांना किती अंतरावरून चित्र दाखवायचे, हे त्याला सेकंदाला ७२, ९० किंवा त्याहून अधिक वेळा कळावे लागते. प्रत्येक हेडसेटची ही माहिती देण्याची पद्धत वेगळी. त्यामुळे गेम थेट हेडसेटशी बोलत नाही. मध्ये एक दुभाषा असतो. त्याला रनटाइम म्हणतात.

क्वेस्ट हेडसेट संगणकाला जोडला की मेटा कंपनीच्या लिंक ॲपबरोबर तिचा रनटाइम येतो. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीमव्हीआर हा दुसरा रनटाइम. मायक्रोसॉफ्टचा विंडोज मिक्स्ड रिॲलिटी हा तिसरा. गेम सुरू होताना सर्वात आधी रनटाइमला हाक मारतो. रनटाइम यूएसबीवरून हेडसेट शोधतो, ट्रॅकिंग सुरू आहे का ते पाहतो आणि मगच गेमला पुढे जाऊ देतो. या तीनपैकी एका ठिकाणी जरी 'नाही' असे उत्तर आले, तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच : गेम उघडला नाही.

रनटाइम बंद पडला तर काय होते?

याचे सर्वात ठळक उदाहरण मार्च २०१८ मधील आहे. ७ मार्चला जगभरातील ऑक्युलस रिफ्ट हेडसेट एकाएकी निकामी झाले. हेडसेट चांगले होते, केबल चांगल्या होत्या, गेमही जसेच्या तसे होते. संगणकावर मात्र `Can't reach Oculus Runtime Service` एवढाच संदेश येत होता.

कारण निघाले ते एका प्रमाणपत्राचे. विंडोजवर चालणाऱ्या फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते. ऑक्युलसच्या `OculusAppFramework.dll` या फाइलवरील सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. सही करतेवेळी तिच्यावर वेळेचा शिक्का मारलेला असता, तर मुदत संपल्यावरही 'सही केली तेव्हा प्रमाणपत्र वैध होते' हे विंडोजला कळले असते. तो शिक्का राहून गेला होता. परिणामी विंडोजने फाइल नाकारली आणि रनटाइम उठलाच नाही. अडचण अशी की, दुरुस्ती पोहोचवणारा अपडेटरही याच प्रमाणपत्रावर अवलंबून होता. त्यामुळे दुरुस्ती आपोआप येईना. कंपनीने वेगळी फाइल उपलब्ध केली आणि ती लोकांना स्वतः उतरवून घ्यावी लागली. गैरसोय झालेल्या ग्राहकांना ऑक्युलसने १५ डॉलरचे स्टोअर क्रेडिटही दिले.

त्या दिवशी गेम पुन्हा डाउनलोड करणाऱ्यांच्या हाती काहीही लागणे शक्य नव्हते. दुभाषाच झोपलेला असेल, तर बोलणाऱ्याला बदलून काय उपयोग?

एकाहून अधिक रनटाइम असले तर?

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या रनटाइमसाठी गेमकर्त्यांना वेगळे काम करावे लागे. ते टळावे म्हणून क्रोनोस ग्रुप या उद्योगसंघटनेने ओपनएक्सआर हे सामाईक मानक तयार केले. त्याची पहिली आवृत्ती २०१९ मध्ये आली. आता गेम 'ओपनएक्सआर' या एकाच भाषेत हाक मारतो आणि संगणकावर जो रनटाइम 'सक्रिय' म्हणून नोंदवलेला असेल, तो ओ देतो.

गोम आहे ती इथेच. संगणकावर रनटाइम कितीही असू शकतात, पण ओपनएक्सआरसाठी सक्रिय रनटाइम एका वेळी एकच. विंडोजच्या रजिस्ट्रीत त्याची एका ओळीची नोंद असते. नवे ॲप बसवताना, जुने काढताना किंवा सेटिंगमध्ये एखादे बटण दाबले गेल्याने ही नोंद बदलू शकते. ती चुकीच्या पत्त्याकडे बोट दाखवू लागली, तर गेमची हाक भलत्याच दारावर जाते.

ही नोंद पाहणे सोपे आहे. स्टार्ट मेन्यूतून कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील ओळ टाकावी. ही आज्ञा केवळ वाचते, काही बदलत नाही.

```
reg query HKLM\SOFTWARE\Khronos\OpenXR\1 /v ActiveRuntime
```

उत्तरात `.json` ने संपणारा एका फाइलचा पत्ता येतो. पत्त्यात `oculus_openxr_64.json` असेल तर मेटाचा रनटाइम सक्रिय आहे. `steamxr_win64.json` असेल तर स्टीमव्हीआर आणि `MixedRealityRuntime.json` असेल तर मायक्रोसॉफ्टचा.

प्रत्यक्षात हे कसे घडते?

एक उदाहरण घेऊ. एका घरी क्वेस्ट ३ हेडसेट केबलने संगणकाला जोडलेला आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा विमान चालवण्याचा गेम तिथे व्हीआरमध्ये रोज चालत असे. मध्यंतरी संगणकाची जुनी `D:` डिस्क काढून नवी बसवली. त्यानंतर गेम मॉनिटरवर सुरू होतो, पण `Ctrl+Tab` दाबून व्हीआरमध्ये जायला गेले की काहीच होत नाही.

पहिला संशय केबलवर जातो. पण हेडसेट घालून लिंक सुरू केले, तर मेटाची सुरुवातीची खोली व्यवस्थित दिसते, डोके वळवले की दृश्य वळते, कंट्रोलरही दिसतात. म्हणजे यूएसबीवरून चित्र पोहोचत आहे आणि ट्रॅकिंगही चालू आहे. साखळीचा खालचा भाग शाबूत असल्याचा हा पुरावा. मग वरील आज्ञा दिली, तर उत्तर येते :

```
ActiveRuntime  REG_SZ  D:\SteamLibrary\steamapps\common\SteamVR\steamxr_win64.json
```

आता उलगडा होतो. स्टीमव्हीआर त्या जुन्या डिस्कवर होता आणि तोच सक्रिय म्हणून नोंदवलेला होता. डिस्क गेली, फाइल गेली, पण रजिस्ट्रीतील नोंद तशीच राहिली. गेम अस्तित्वात नसलेल्या फाइलकडे रनटाइम मागत होता.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. मेटाच्या लिंक ॲपमध्ये `Settings` मधील `General` या भागात ओपनएक्सआर रनटाइमची ओळ असते. तिथे मेटाचा रनटाइम सक्रिय करण्याचे बटण दाबावे. त्यानंतर हीच आज्ञा पुन्हा द्यावी. पत्ता बदलून `oculus_openxr_64.json` वर आलेला दिसला, की गेम पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावा. ज्यांना स्टीमव्हीआरच सक्रिय हवा असेल, त्यांना तशी सोय स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये आहे. रजिस्ट्रीतील पत्ता हाताने बदलण्याच्या भानगडीत पडू नये. एक अक्षर चुकले तरी तोच बिघाड पुन्हा उभा राहतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. सगळे गेम ओपनएक्सआर वापरत नाहीत. 'हाफ-लाइफ : ॲलिक्स' हा २०२० मधील प्रसिद्ध गेम व्हॉल्व्हच्याच जुन्या ओपनव्हीआर पद्धतीवर आहे. तो सक्रिय रनटाइमची नोंद न पाहता थेट स्टीमव्हीआरकडे जातो. म्हणून ॲलिक्स उघडत नसेल, तर ही नोंद बदलून काही साधणार नाही. तिथे स्टीमव्हीआर स्वतंत्रपणे सुरू होतो का, हे पाहायचे.

रनटाइमच काढून घेतला गेला तर?

विंडोज मिक्स्ड रिॲलिटीच्या बाबतीत नेमके हेच झाले. एचपी रिव्हर्ब जी२ सारखे हेडसेट या रनटाइमवर चालत. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर केले आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीतून तो काढून टाकला. २३एच२ वरच थांबलेल्यांसाठी स्टीममार्फत वापराची मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. त्यामुळे विंडोज अपडेट झाल्यावर असा हेडसेट ओळखला जाईनासा झाला, तर केबल आणि पोर्ट बदलत बसण्याआधी विंडोजची आवृत्ती पाहावी. `Win+R` दाबून `winver` टाइप केले की ती दिसते. जुना हेडसेट स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी तर व्यवहारापूर्वीच ही खातरजमा करावी.

यूएसबी पोर्ट 'भरतो' म्हणजे काय?

हेडसेटचे यूएसबीवरील काम सर्वत्र सारखे नसते. व्हॉल्व्ह इंडेक्स किंवा रिफ्ट एससारख्या हेडसेटमध्ये चित्र डिस्प्लेपोर्टच्या वायरीतून जाते आणि यूएसबीवरून सेन्सर व कॅमेऱ्यांची माहिती संगणकाकडे येते. क्वेस्टमध्ये उलट आहे. ट्रॅकिंगचे कॅमेरे हेडसेटमध्येच असतात आणि त्यांचे गणितही हेडसेटच करतो. यूएसबीवरून जातो तो संगणकाने आकुंचित करून पाठवलेला व्हिडीओ. त्यामुळे यूएसबी अपुरा पडला, तर क्वेस्टमध्ये चित्र अडखळते किंवा लिंक तुटते. कॅमेऱ्यांची माहिती संगणकाकडे पाठवणाऱ्या हेडसेटमध्ये मात्र ट्रॅकिंगच सुरू होत नाही.

कॅमेऱ्याला किती जागा लागते, याचा अंदाज घेऊ. समजा, एक कृष्णधवल कॅमेरा १२८० बाय ९६० बिंदूंचे चित्र सेकंदाला ५० वेळा पाठवतो. प्रत्येक बिंदूला एक बाइट धरला, तर सेकंदाला सुमारे ६१ मेगाबाइट, म्हणजे ४९० मेगाबिट होतात. यूएसबी २.० ची कागदावरील कमाल क्षमताच ४८० मेगाबिट. म्हणजे असा एक कॅमेराही आकुंचन न करता तिथे मावत नाही. यूएसबी ३.० ची क्षमता ५ गिगाबिट असली, तरी त्यातील पाचवा हिस्सा संकेतांच्या मांडणीतच खर्च होतो आणि प्रत्यक्ष हाती चारहून कमीच उरतात.

त्यात आणखी एक मेख आहे. संगणकाच्या मागे सहा पोर्ट दिसले म्हणजे सहा स्वतंत्र वाटा आहेत, असे नव्हे. आतमध्ये ते अनेकदा एकाच कंट्रोलरला जोडलेले असतात. एका टाकीला सहा नळ लावावेत तसे. शिवाय कॅमेऱ्यासारखी उपकरणे अनेकदा सुरू होतानाच आपल्यापुरती जागा राखून घेतात. वेबकॅमने आधीच जागा अडवली असेल आणि हेडसेटच्या कॅमेऱ्याला हवी तेवढी उरली नसेल, तर तो हळू चालत नाही, चालूच होत नाही. रिफ्टच्या काळात तीन-तीन सेन्सर यूएसबीला जोडावे लागत. तेव्हा सर्व सेन्सर यूएसबी ३.० ला न लावता जादा सेन्सर यूएसबी २.० ला लावावा, असा सल्ला खुद्द ऑक्युलसने दिला होता, तो यामुळेच.

विंडोजचा `Not enough USB controller resources` हा संदेश मात्र वेगळी गोष्ट सांगतो. प्रत्येक यूएसबी उपकरण कंट्रोलरकडे काही आभासी 'खिडक्या' मागते. त्यांची संख्या ठरलेली असते. हेडसेटमध्ये माइक, स्पीकर, सेन्सर, कॅमेरा अशी अनेक उपकरणे एकत्र असल्याने तो एकटाच बऱ्याच खिडक्या अडवतो. वेग शिल्लक असूनही खिडक्या संपल्या की हा संदेश येतो. तेव्हा वेगवान केबल घेऊन उपयोग नसतो. त्या कंट्रोलरवरील इतर उपकरणे कमी करणे, हाच उपाय.

कोणता पोर्ट कोणत्या कंट्रोलरवर, हे कसे कळेल?

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये `View` मधून `Devices by connection` निवडावे. यूएसबी कंट्रोलरच्या खाली कोणकोणती उपकरणे लटकलेली आहेत, ते झाडाच्या फांद्यांसारखे दिसते. हेडसेट, वेबकॅम आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच फांदीवर असतील, तर हेडसेट सोडून बाकीची काढावीत आणि पुन्हा प्रयत्न करावा. गेम उघडला तर निदान पक्के झाले. मग एकेक उपकरण दुसऱ्या कंट्रोलरवरील पोर्टला लावून पाहायचे. अनेक पोर्ट देणारा हब इथे कामाचा नाही, कारण तो त्याच टाकीला आणखी नळ लावतो.

डेस्कटॉपमध्ये सगळे पोर्ट एकाच कंट्रोलरवर निघाले, तर पीसीआय एक्सप्रेसचे वेगळे यूएसबी कार्ड बसवता येते. त्यावर स्वतःचा कंट्रोलर असतो. लॅपटॉपला ही सोय नसते. तिथे उपकरणे कमी करणे, एवढेच हाती राहते.

क्वेस्टसाठी तपासणी आणखी सोपी आहे. लिंक ॲपमध्ये यूएसबी केबलची चाचणी आहे. निकाल गिगाबिटमध्ये, दोनच्या आसपास आला, तर जोडणी यूएसबी ३ ची आहे. निकाल मेगाबिटमध्ये, काही शेकड्यांत आला, तर जोडणी यूएसबी २ वर घसरली आहे. क्वेस्ट २ बरोबर आलेली चार्जिंगची केबल यूएसबी २ चीच आहे. तिच्यावर लिंक चालते, पण चित्राचा दर्जा मर्यादित राहतो. म्हणून निकाल शेकड्यांत असेल आणि गेम अजिबात उघडत नसेल, तर केवळ केबलला दोष देऊ नये. कारण दुसरीकडेही असू शकते.

हेडसेट आधी सापडतो आणि काही वेळाने गायब होतो, असे होत असेल तर वीजबचतीकडे पाहावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये `USB Root Hub` च्या `Power Management` या पानावर, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते. ती काढावी.

ट्रॅकिंगमुळे गेम कसा अडतो?

रनटाइम जागा आहे, हेडसेट सापडला आहे, तरी 'आपण खोलीत कुठे आहोत' हे हेडसेटला कळले नाही, तर पुढचे पाऊल पडत नाही. क्वेस्टचे कॅमेरे खोलीतील कोपरे, चौकटी, फर्निचरच्या कडा यांवरून जागा ओळखतात. काळोख, कोरी पांढरी भिंत, मोठा आरसा किंवा खिडकीतून येणारे ऊन यांमुळे त्यांची फसगत होते. उन्हाचा आणखी एक धोका आहे. सूर्यप्रकाश थेट भिंगांवर पडला, तर आतील पडदा कायमचा भाजतो.

दिव्यांचाही संबंध आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. अनेक दिवे त्याच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची वारंवारिता ५० किंवा ६० हर्ट्झ अशी निवडता येते. परदेशातून आणलेल्या हेडसेटचे ट्रॅकिंग रात्री दिव्याखाली बिघडत असेल आणि दिवसा ठीक असेल, तर ही निवड ५० वर आहे ना, ते पाहावे.

इंडेक्ससारख्या हेडसेटची रीत निराळी. भिंतीवरील बेस स्टेशन लेझरचे झोत फिरवतात आणि हेडसेटवरील सेन्सर ते टिपतात. बेस स्टेशनला फक्त वीज लागते. संगणकाशी त्याची केबल नसते. त्यामुळे बेस स्टेशनच्या अडचणीत संगणकाचे पोर्ट बदलणे निरर्थक. दोन बेस स्टेशन एकाच चॅनेलवर नाहीत ना आणि हेडसेटला त्यांपैकी एक तरी थेट दिसते ना, हे पाहायचे.

मग तपासणीचा क्रम काय असावा?

खालून वर जावे. आधी गेम विसरून फक्त रनटाइमची सुरुवातीची खोली उघडावी. ती दिसली आणि डोक्याबरोबर वळली, तर यूएसबी आणि ट्रॅकिंग दोन्ही निर्दोष. मग सक्रिय रनटाइमची नोंद पाहावी. खोलीच उघडली नाही, तर नोंद पाहण्यात अर्थ नाही. खालीच शोधायचे.

स्टीमव्हीआर वापरताना त्रुटीचा क्रमांकही वाट दाखवतो. १०८ म्हणजे हेडसेट सापडलाच नाही, म्हणजे यूएसबी, वीज किंवा ड्रायव्हर. २०८ म्हणजे हेडसेट सापडला, पण त्याचा पडदा सापडला नाही. तेव्हा यूएसबी सोडून डिस्प्लेपोर्टची वायर पाहावी आणि ती मदरबोर्डच्या नव्हे, ग्राफिक्स कार्डच्या पोर्टला लावली आहे ना, याची खात्री करावी.

क्वेस्टधारकांना आणखी एक कसोटी उपलब्ध आहे. केबल काढून तोच गेम वायफायवरून, एअर लिंकने सुरू करून पाहावा. वायफायवर उघडला आणि केबलवर नाही, तर दोष केबलचा किंवा पोर्टचा. दोन्हीकडे नाही, तर रनटाइमचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलले आणि गेम सुरू झाला, तर दोष कशात होता हे कळत नाही. पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. ही सगळी तपासणी पार पडल्यावरही तो एकच गेम उघडत नसेल आणि बाकीचे उघडत असतील, तर मात्र गेमच्या फाइल तपासाव्यात. पुन्हा डाउनलोड करण्याची पाळी त्यानंतरची.